सिग्नल लाल, मागे सायरन आणि सगळ्यात पुढे माझीच गाडी. काय करायला हवं होतं?

धूळपाटी | सकाळी ८:५०

परवा संध्याकाळची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. चौकात आमच्या बाजूला दोन लेन, मध्ये डिव्हायडर. उजव्या लेनमध्ये सगळ्यात पुढे मी, स्टॉप लाईनवर. काउंटर ६४ दाखवत होता आणि मागून सायरन आला. आरशात बघितलं तर अँब्युलन्स माझ्या मागे सात-आठ गाड्या सोडून अडकलेली, लाईट फिरतायत, पण रस्ता इंचभर सरकत नाहीये. मागच्यांनी हॉर्नचा धडाका लावला, एक जण काच खाली करून ओरडला "अहो काढा की गाडी पुढे!". मी काढली नाही. समोर आडवा ट्रॅफिक जोरात चालू होता, वर कॅमेरा. डावीकडच्या पहिल्या गाडीवाल्याने तोंड तिरकं केलं आणि तसाच थांबला, त्याने काही फरक पडला नाही. अख्खे ६४ सेकंद अँब्युलन्स तिथेच.

घरी आल्यावर बायको म्हणाली तू जायला हवं होतंस, माणसाच्या जिवापुढे चलान काय. भाऊ म्हणाला नाही, सिग्नल तोडायचा हक्क अँब्युलन्सला आहे, तुला नाही. दोघंही बरोबर वाटतायत हीच पंचाईत आहे. "माणुसकी हवी" वगैरे नको, ती आहे. नेमकं गाडीचं काय करायचं ते सांगा.

बिनधास्त_बापू | सकाळी ९:१२

यात विचारायचं काय राव. डावीकडे घ्यायचं आणि थांबायचं, कायदा एवढाच आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. न दिल्यास १०,००० दंड, २०१९ पासून. तुम्ही उजव्या लेनमध्ये होता म्हणजे डावीकडे यायला हवं होतं.

धूळपाटी | सकाळी ९:२०

बापू, डावीकडे गाडी होती हो, तिच्या टपावर जाऊ का?

कलमकसाई | सकाळी ९:५८

बापूंचा दंडाचा आकडा बरोबर आहे, बाकी अर्धंच. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ई, १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण त्यात "डावीकडे" हा शब्दच नाही, "रस्त्याच्या कडेला" गाडी न घेणं हा गुन्हा आहे. एका लेनच्या रस्त्यावर कडेला म्हणजे डावीकडेच, ते ठीक. पण मध्ये डिव्हायडर आणि आपल्या बाजूला दोन लेन असतील तर उजव्या लेनवाल्याची जवळची कड डिव्हायडरची. तो डावीकडे शिरायला गेला तर दोन्ही लेन बंद करून बसेल.

आणि धूळपाटी, तुमच्या भावाचंही बरोबर आहे. लाल सिग्नल ओलांडणे, उलट बाजूने जाणे ही मुभा २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत इमर्जन्सी वाहनाला आहे, तीही खरोखर जीव वाचवायची घाई असेल तेव्हा आणि पूर्ण काळजी घेऊन. त्यांना वाट देणाऱ्या साध्या गाडीला सिग्नल तोडायची अशी लेखी सूट नाही. फक्त एक गोष्ट, वर्दीतला पोलीस हाताने "ये" म्हणाला तर दिवा काहीही असो, त्याचा हात मानायचा, तेही कायद्यातच आहे.

मोजपट्टी | सकाळी ११:०५

मी रस्त्यांच्या डिझाइनचं काम करतो. धूळपाटींच्या चौकाचं गणित मांडून बघू, कारण सगळी गोम त्या पहिल्या दोन गाड्यांत आहे आणि हे मागून हॉर्न मारणाऱ्यांना दिसत नाही.

लेन साधारण साडेतीन मीटर धरा, म्हणजे दोन मिळून सात. गाडी १.८ मीटर रुंद. दोन्ही गाड्या आपापल्या लेनच्या मध्यभागी उभ्या असतील तर दोघींच्या मध्ये १.७ मीटर राहतात, त्यातून अँब्युलन्स जात नाही. आता डावी पूर्ण डावीकडे सरकली, उजवी डिव्हायडरला लागली, कडेला वीतभर जागा सोडली, तर मध्ये तीन मीटर मिळतात. आरसे धरले तरी अडीचच्या वर. अँब्युलन्स दोनेक मीटरची, आरामात जाते. म्हणजे प्रत्येकाने फक्त ६५ सेंटीमीटर बाजूला व्हायचंय. ऐकायला काहीच नाही.

पण गाडी खेकड्यासारखी आडवी चालत नाही ना. ६५ सेंटीमीटर बाजूला होऊन परत सरळ उभं राहायला तिला साडेतीन-चार मीटर पुढे जावं लागतं, पूर्ण स्टिअरिंग कापूनसुद्धा. पुढच्या गाडीला बंपर लावून उभे असाल तर तुम्ही हलूच शकत नाही, कितीही इच्छा असली तरी. दोन मीटर जागा असेल तर बाजूला किती सरकता येतं सांगू? वीतभरसुद्धा नाही. म्हणून मागच्या सहा-सात जणांची चावी पहिल्या ओळीकडे असते. पहिली ओळ चार मीटर सरकली की दुसरीला चार मिळतात, मग तिसरीला, असं मागे मागे जातं. आठव्या गाडीपर्यंत पोचायला वीसेक सेकंद धरा. ६४ मधले ४० वाचले असते.

डावीकडच्या भाऊने जे केलं ते सगळेच करतात, तोंड तिरकं करून थांबायचं. तोंड कडेला गेलं तरी शेपूट मध्येच राहतं आणि वाट शेपटापाशी अडते. स्टिअरिंग एकदा बाहेर कापून परत आत आणायचं आणि गाडी कडेला समांतर उभी करायची, तेव्हा कुठे शेपूट आत येतं.

धूळपाटी | सकाळी ११:३०

हे कुणी सांगितलंच नव्हतं कधी. पण मग चार मीटर पुढे म्हणजे मी स्टॉप लाईन ओलांडलीच की.

मोजपट्टी | सकाळी ११:४१

ओलांडली, पण लाईनच्या पुढे आधी झेब्रा असतो आणि तो साधारण तीन-चार मीटर खातोच. तुम्ही झेब्र्यावर याल, आडव्या ट्रॅफिकमध्ये नाही. झेब्र्यावर माणूस चालत असेल तर अर्थात नाही. चौक पार करणं वेगळं आणि झेब्र्यावर सरकणं वेगळं, ओरडणाऱ्यांना मात्र तुम्ही थेट पलीकडे जावं असं वाटत असतं.

राईनकाठ | दुपारी १:१५

मी जर्मनीत असतो. इथे निळा दिवा आणि भोंगा दोन्ही चालू असतील तर बाकीच्यांनी "ताबडतोब मोकळी वाट" करून द्यायची असा स्पष्ट नियम आहे, आणि त्यासाठी लाल सिग्नलला स्टॉप लाईनच्या पुढे अगदी हळू, गरजेपुरतं सरकलं तर ते चालतं. चौक ओलांडून पळायचं नाही, आडव्याला धोका व्हायला नको. कॅमेऱ्याने फोटो काढलाच तर हरकत घेता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे हायवेवर सायरन ऐकू येईपर्यंत थांबतच नाहीत. ट्रॅफिक चालण्याच्या वेगावर आला की सगळ्यात डावीकडची लेन डावीकडे, बाकीच्या सगळ्या उजवीकडे, आपोआप. थांबायच्या आधीच बाजूला झाल्याने वरचा चार मीटरवाला प्रश्नच येत नाही. चौकात तसा नियम नाही पण युक्ती तीच आहे, लाल दिसला की पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवून थांबायचं.

थेम्सवरून | दुपारी २:०२

इंग्लंडमध्ये नेमकं उलटं सांगतात, गंमत बघा. हायवे कोडचा नियम २१९, वाट द्या पण सिग्नल-पाट्या पाळूनच. अँब्युलन्ससाठी लाल ओलांडला तरी सूट आपोआप नाही मिळत. म्हणून इथले ड्रायव्हर लाल सिग्नलला रांग दिसली की बरेचदा सायरन बंद करून मागेच थांबतात, पुढच्या लोकांवर दबाव येऊन कुणी चौकात घुसू नये म्हणून. नवीन माणसाला वाटतं बघा हे आरामात थांबलेत, काही घाई नव्हतीच. तर तसं नसतं. फुटपाथवर गाडी चढवू नका असंही त्याच नियमात आहे, आणि वळणाआधी किंवा चढाच्या टोकाआधी थांबू नका असंही.

धूळपाटी, तुम्ही इथे असता तर तुम्ही केलंत तेच बरोबर ठरलं असतं.

सुमनताई_क | दुपारी २:४०

विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. आमच्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मिस्टरांनी आपल्याच गाडीत घालून नेलं, पार्किंग लाईट चारही चालू, हॉर्नवर हात, पण एकानेही वाट दिली नाही. उलट एका मोटरसायकलवाल्याने शिवी दिली. तेव्हा कुठे गेलं होतं हे कलम १९४?

कलमकसाई | दुपारी ३:०५

सुमनताई, वाईट वाटलं वाचून, पण ते कलम तुमच्या गाडीला लागू होत नाही. अग्निशमनची गाडी, अँब्युलन्स आणि राज्य सरकारने ठरवलेली इतर इमर्जन्सी वाहनं, एवढ्यांनाच. खाजगी गाडीत पेशंट असला तरी ती कायद्याने साधी गाडी. आणि चारही लाईट लावून पळवली की मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळतच नाही, कारण इंडिकेटर त्यातच हरवतो. अशा वेळी पुढच्या चौकात पोलीस दिसला तर गाडी त्याच्यापाशी कडेला घेऊन दोन वाक्यांत सांगायचं. तो आडवा ट्रॅफिक रोखून तुम्हाला सोडू शकतो, तेवढा अधिकार त्याला आहे.

सुमनताई_क | दुपारी ३:२०

तेव्हा एवढं सुचतं का हो. बरं. सासरे आता ठीक आहेत.

स्टिअरिंग_१८वर्षं | संध्याकाळी ६:३०

ड्यूटी संपवून वाचतोय. अँब्युलन्स चालवतो, अठरा वर्षं झाली. मोजपट्टी साहेबांचं मधल्या वाटेचं गणित पटलं, पण रस्त्यावर आमचं दुसरं होतं. मी बरेचदा डिव्हायडरच्या बाजूने येतो, कारण मधल्या फटीत आधीच दुचाक्या भरलेल्या असतात, अगदी स्टॉप लाईनपर्यंत. तिथे गाड्या बाजूला झाल्या तरी दुचाक्यांना जायला जागा नसते. मग उजव्या लेनवाल्याने डिव्हायडरला चिकटायचं की डावीकडे यायचं? मला विचाराल तर काहीही एक करा पण लवकर ठरवा आणि इंडिकेटर द्या. मी तुमचा इंडिकेटर बघून माझं तोंड वळवतो. सगळ्यात वाईट म्हणजे जो आधी उजवीकडे जातो, मग आरशात बघून घाबरतो आणि परत डावीकडे येतो.

दुचाकीवाल्यांनो, तुम्ही मागे जाऊ शकत नाही, पुढे जायचं. पहिल्या गाडीच्या नाकापुढून झेब्र्याच्या कडेला, एका बाजूला जमा व्हा.

आणि हात जोडून, माझ्यासमोर कचकन ब्रेक मारू नका. मागे पेशंट आडवा असतो, डॉक्टर उभं राहून छाती दाबत असतो. मी ब्रेक मारला की तो फेकला जातो आणि दाबणं थांबतं. हळूहळू बाजूला व्हा, मला पाच सेकंद उशीर चालेल, तो धक्का चालत नाही.

बिनधास्त_बापू | संध्याकाळी ६:५५

दादा मानलं तुम्हाला, पण खरं सांगा, रिकाम्या अँब्युलन्सपण सायरन मारत जातात की. मी स्वतः बघितलंय आत कुणी नव्हतं.

स्टिअरिंग_१८वर्षं | संध्याकाळी ७:१०

आत कुणी नसतं तेव्हा कुणीतरी घरी पडलेला असतो आणि मी त्याच्याकडे निघालेलो असतो. जाताना घाई असते तेवढी कधीकधी येतानाही नसते. काही जण विनाकारण वाजवतात हेही खरंय, नाकारत नाही. पण बाहेरून तुम्हाला ते कळणार कसं?

एक सांगतो, आवाज बदलतो तिकडे कान ठेवा. मोकळ्या रस्त्यावर लांब चढता-उतरता वाजवतो, चौक जवळ आला की भरभर तुटक आवाजावर टाकतो. तुटक ऐकू आला म्हणजे मी जवळ आहे. काचा बंद, एसी, गाणी असतील तर तुम्हाला फार उशिरा कळतं, आणि उंच इमारतींमध्ये आवाज कुठून येतोय ते भलतंच वाटतं. म्हणून आधी गाणी बंद, काच खाली, तिन्ही आरसे. मग गाडी हलवा.

बंबावरचा | रात्री ८:४५

अग्निशमन दलातून चालक-यंत्रचालक म्हणून निवृत्त. वरचं सगळं अँब्युलन्सपुरतं बरोबर आहे, बंबाला तसंच लावू नका एवढं सांगायला आलोय.

मोजपट्टींच्या हिशोबात वाट तीन मीटरची, आरसे धरून अडीचच्या थोडी वर. बंबाचं अंगच अडीच मीटर, वर आरसे. तिथून आम्ही घासत जाणार किंवा जाणारच नाही. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असेल तर नुसतं पाणीच साडेचार टन, ते ब्रेकला लवकर ऐकत नाही. त्यामुळे मागे बंब असेल तर फट करण्यापेक्षा एक अख्खी लेन रिकामी झाली तर बरं.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. धूळपाटी, तुमच्या मागे नसून आडव्या रस्त्यावरून बंब येत असता आणि त्याला तुमच्या रस्त्याला वळायचं असतं तर? लांब गाडी वळताना बाहेरून मोठा फेर घेते आणि मागची चाकं आतल्या कोपऱ्याकडे कापत येतात. तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी झेब्र्यावर सरकलेली गाडी म्हणजे बरोबर आमच्या फेरात. असं माझ्या बाबतीत झालंय, भला माणूस वाट द्यायला म्हणून चार मीटर पुढे आला आणि त्याच्या नाकामुळे मला वळताच येईना. त्याला मागे घ्यायला लावायचं तर त्याच्या मागे दुसरी गाडी चिकटलेली. पाऊण मिनिट गेलं. म्हणून सायरन मागून आहे की आडव्यातून हे कळेपर्यंत लाईन सोडू नका.

आणखी एक, बंब एकटा फार वेळा येत नाही. पहिला गेला की लोक सुटलो म्हणत झपकन मध्ये येतात आणि दुसऱ्याच्या समोर उभे राहतात. आमच्या मागे चिकटून मोकळ्या वाटेने पळणारेही असतात, त्यांचं काय करायचं देव जाणे.

मोजपट्टी | रात्री ९:२०

वळणाचा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हताच, मी मागून येणाऱ्याचाच विचार केला होता. मान्य.

नाक्यावरचा_राजा | रात्री ९:३५

एवढं किचकट कशाला, पोलिसाने चारही बाजू थांबवायच्या, विषय संपला. पोलीस नसेल तर आपण दोघा-तिघांनी उतरून चौकात उभं राहायचं, मी केलंय हे दोनदा.

मोजपट्टी | रात्री ९:५८

चारही बाजू थांबवल्या की अँब्युलन्स पण तिथेच थांबते, तिच्यापुढच्या गाड्या कुठे जाणार? जाणकार पोलीस उलटं करतो. अँब्युलन्सची बाजू सोडून बाकी तीन थांबवतो आणि तिच्या पुढची रांग हिरव्यात बाहेर काढतो, पाणी सोडल्यासारखी. धूळपाटींच्या रांगेत एका लेनमध्ये आठ गाड्या, एका गाडीला साधारण दोन सेकंद, सुरुवातीला दोन-तीन सेकंद दचकण्यात जातात, म्हणजे वीस सेकंदात रांग रिकामी. मात्र पलीकडचा रस्ता भरलेला असेल तर हिरवा देऊन काही होत नाही, गाड्या चौकाच्या मध्यात येऊन बसतात आणि मग कुणीच हलत नाही. म्हणून तो आधी पलीकडचा रस्ता मोकळा करतो. अवयव घेऊन जाताना ग्रीन कॉरिडॉर करतात त्यात हेच असतं, फक्त एकेक चौक आधीपासून.

काही ठिकाणी अँब्युलन्स जवळ आली की सिग्नल आपोआप हिरवा होतो, पण तोही लगेच नाही. आडव्याला पिवळा द्यावा लागतो, मग थोडा वेळ सगळ्यांना लाल, झेब्र्यावरचा माणूस पलीकडे पोचेपर्यंत थांबावं लागतं. तिथे जादू नाही.

कलमकसाई | रात्री १०:१५

राजेसाहेब, उतरून उभं राहण्याबद्दल. तुमचा हात मानायची कुणावर सक्ती नाही. तुम्ही "ये" म्हणालात म्हणून कुणी लाल सिग्नलला आला आणि ठोकला गेला तर जबाबदारी त्याच्यावर येते, आणि तुमच्याकडेही बोट जाईल. रांगेतल्या गाड्यांच्या मधून चालत जाऊन "मागे अँब्युलन्स आहे, कडेला लागा" असं काचेपाशी सांगा, ते चालतं. आडवा ट्रॅफिक अडवू नका. कोंडी दहा-पंधरा मिनिटांची असेल तर ११२ ला फोन करून चौक कोणता आणि अँब्युलन्स कुठल्या बाजूला अडकलीय एवढं सांगा.

नाक्यावरचा_राजा | रात्री १०:२२

मी उभा होतो म्हणून गेली ती अँब्युलन्स. कागदावर काहीही असो.

धूळपाटी | रात्री १०:५०

बरंच उमगलं. म्हणजे त्या दिवशी सायरन मागून होता, आडव्यातून नव्हता, झेब्र्यावर कुणी नव्हतं, तर उजवा इंडिकेटर देऊन डिव्हायडरला लागत चार मीटर सरकायला हवं होतं आणि तिथेच सरळ उभं राहायचं होतं, चौकात शिरायचं नव्हतं. पण स्टॉप लाईन ओलांडल्याचं चलान आलं तर?

कलमकसाई | रात्री ११:०४

येऊ शकतं, कॅमेऱ्याला तुमची अडचण दिसत नाही. डॅशकॅम असेल तर ती क्लिप जपून ठेवा, मागचा सायरन त्यात ऐकू येतो. ई-चलानवर तक्रार करता येते, नाहीतर कोर्टात मांडायचं. मान्य होईलच असं मी लिहून देणार नाही. वकील म्हणून सांगायचं तर लाईनच्या मागे राहा, पोलीस बोलावत नाही तोवर. मी स्वतः गाडीत असेन तर सरकेन.

थेम्सवरून | रात्री ११:१०

मी नाही सरकणार. पण लाईनच्या दोन मीटर आधीच थांबायची सवय लावून घेतलीय, मग पुढे जायला थोडी जागा उरते आणि लाईनही ओलांडावी लागत नाही.

स्टिअरिंग_१८वर्षं | रात्री ११:३०

आमच्याकडे ते दोन मीटर मोकळे सोडलेत की तिथे चार दुचाक्या येऊन उभ्या राहतात, बघा करून. बरं झोपतो, पहाटे पाचला ड्यूटी.